मैत्रिणीचा प्रबंध जमा होतोय, भेट काय द्यावी?

नीलमोहर
नमस्कार मंडळी. माझी शाळेपासूनची मैत्रीण येत्या १५ ऑक्टोबरला पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात जमा करतेय. रत्नागिरीकडे एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. विषय कोकणातल्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, पावसाळी वनस्पती. आठ वर्षं चाललंय हे. दर ऑगस्टात आम्ही सगळ्या वर्षासहलीला जायचो आणि ही बाई बारसूच्या नाहीतर देवाचे गोठण्याच्या सड्यावर छत्री गळ्यात अडकवून, गुडघे टेकून गेंदाच्या फुलांचे फोटो काढत बसलेली असायची. नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी, सगळं मधे येऊन गेलं.

आम्ही चौघी मिळून काहीतरी देणार आहोत. बजेट पाच-सहा हजार. पेनचा सेट, शाल-श्रीफळ, "वर्ल्ड्स बेस्ट" छापलेला मग, गणपतीची चांदीची मूर्ती हे सोडून सुचवा. घरात या चारही गोष्टी तिच्याकडे दोन-दोन आहेत.

चहाबाज
झोप. चौघींनी मिळून तिला चार दिवस झोप द्या. मुलाला एक जण सांभाळा, सासूबाईंना एक जण, स्वयंपाक एक जण, आणि चौथीने दारात उभं राहून पाहुणे परतवावेत. बजेटात बसतं.

शेवंता
चहाबाज +१. उरलेल्या पैशात पुरणपोळ्या.

बापूसाहेब
यात विचार करण्यासारखं काय आहे? पितळी पाटी! "डॉ. अमुक तमुक, एम.एस्सी., पीएच.डी." असं खोदून, खाली छोटंसं फूल. प्रबंध जमा झाला त्या संध्याकाळी आपल्या हातांनी दारावर ठोकायची. माझ्या पुतण्याला आम्ही अशीच दिली होती. तो तर सबमिशनच्या दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर लावत होता. लग्नाच्या पत्रिकेतही छापलं होतं.

कारकून_१९८८
बापूसाहेब, पाटी चांगली, मुहूर्त चुकीचा.

मी तीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागाशी संबंधित कामात काढली, म्हणून सांगतो. प्रबंध जमा झाला म्हणजे फक्त जमा झाला. तिथून तो बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मार्गदर्शकाशिवाय निदान दोन बाहेरचे परीक्षक लागतात, आणि सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत संपावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा म्हणतोय मी. एखादे परीक्षक महोदय परदेशी गेलेले असतात, एखाद्यांचं पाकीटच पोचलेलं नसतं. दोन्ही अहवाल अनुकूल आले की मौखिक परीक्षा, म्हणजे व्हायवा. तो झाला, त्याचा अहवाल गेला, विद्यापीठाने अधिसूचना काढली, की मग ती डॉक्टर. तोपर्यंत नावाआधी "डॉ." लावणं चूक आहे. नोकरीत असलेल्या माणसाने तर मुळीच लावू नये. कोणी तक्रार केली तर फुकटचा मनस्ताप.

एक मात्र बापूसाहेबांच्या बाजूने सांगतो. पदवीदान समारंभापर्यंत थांबायची गरज नसते. बरेच जण तेवढं थांबतात. अधिसूचना हातात आली की पुरे.

बापूसाहेब
म्हणजे पुतण्याची पत्रिका बेकायदेशीर? सून तर डॉक्टर नवरा मिळाला म्हणूनच हो म्हणाली होती.

चहाबाज
आता अधिसूचना आली का त्याची?

बापूसाहेब
आली आली, अकरा महिन्यांनी. तोवर बारसंही झालं होतं.

हर्षदा_क
नीलमोहर, मी या रांगेतून दोन वर्षांपूर्वी गेले आहे, म्हणून मला काय हवं होतं ते लिहिते.

माझी फेलोशिप होती. ती प्रबंध जमा केला की थांबते, हे सगळ्यांना कागदावर माहीत असतं आणि त्या महिन्याच्या अखेरीला नव्याने कळतं. नेमका त्याच आठवड्यात सगळ्यात मोठा खर्च येतो, छपाईचा. माझी पानं २८४. त्यातली ४६ रंगीत. चार प्रती द्यायच्या होत्या. काळी-पांढरी दीड रुपया पान, रंगीत दहा रुपये पान, बाइंडिंग तीनशे रुपये प्रत. हिशोब करून बघा, साडेचार हजारांच्या आसपास जातो. आणि हे पहिल्याच फटक्यात सगळं बरोबर छापलं तर. माझ्या तिसऱ्या प्रकरणात एका तक्त्याचा शेवटचा स्तंभ कडेला कापला गेला होता, तो दुकानात उभं राहिल्यावर दिसला. चारही प्रतींची ती पानं परत.

माझ्या खोलीतल्या मुलीने काही न बोलता ते बिल भरून टाकलं होतं. दुकानदाराने मला फक्त "झालंय मॅडम" असं सांगितलं. कुठल्याही भेटवस्तूपेक्षा मला ते लक्षात आहे. पण तुझी मैत्रीण पगारदार आहे, तेव्हा कदाचित तिला हे लागू नाही.

अजून एक. सबमिशननंतर लोक "सुटलीस!" म्हणतात. सुटलेलं वगैरे काही वाटत नाही. मला तर रोज सकाळी उठून काहीतरी विसरल्यासारखं व्हायचं. भेट द्यायची ती जमेल तर त्या मधल्या रिकाम्या महिन्यांत दे, त्या दिवशी नको. त्या दिवशी माणूस शिक्के मोजत असतो.

माने_सर
चांगला धागा. माझाही प्रश्न हाच आहे. मार्गदर्शकांना काय द्यावं? आमच्या सरांना घड्याळ द्यावं म्हणतोय. आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना काय देतात? कोणी पैठणी म्हणतंय.

कारकून_१९८८
माने सर, धागा मैत्रिणीला भेट देण्याबद्दल आहे. पण विचारलंत म्हणून: परीक्षकांना काहीही नाही. पेन नाही, पैठणी नाही, आंब्याची पेटी नाही. त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन विद्यापीठ देतं. मार्गदर्शकांना द्यायचंच तर सगळं संपल्यावर, अधिसूचनेनंतर. आधी दिलेल्या वस्तूला भेट म्हणत नाहीत.

हर्षदा_क
कारकूनकाका, बोलायला सोपं आहे हो. आमच्याकडे व्हायवाच्या दिवशी पंधरा जणांचं जेवण उमेदवारानेच द्यायचं असा अलिखित दंडक होता. मेन्यूसुद्धा ठरलेला. एका सीनियरने फक्त चहा-बिस्किटं ठेवली, तर वर्षभर तिचं नाव "पार्ले" पडलं होतं.

माने_सर
मग घड्याळ आता घेऊन ठेवू आणि नंतर देऊ का?

चहाबाज
सर, बॅटरी काढून ठेवा.

दूरदेशी
थोडं अवांतर. मी जर्मनीत गॉटिंगनला होतो. तिथे भेटवस्तू विकत आणतच नाहीत, बनवतात. ज्याचा डिफेन्स, म्हणजे तिकडचा व्हायवा, आहे त्याचे प्रयोगशाळेतले सोबती गुपचूप एक टोपी तयार करतात. काळ्या पुठ्ठ्याची, चौकोनी माथ्याची, आणि तिच्यावर त्या माणसाच्या चार-पाच वर्षांचा सगळा तमाशा चिकटवलेला. माझ्या टोपीवर एक तुटलेली पिपेट होती, पाच वेळा परत आलेल्या पेपरची सुरळी होती, आणि एक छोटा प्रेशर कुकर, कारण त्याच्या शिट्ट्यांमुळे वसतिगृहात एकदा तक्रार झाली होती. डिफेन्स झाला की ती टोपी घालून, सजवलेल्या हातगाडीत बसवून, गावातल्या चौकात नेतात. तिथे कारंज्यावर हंसवाल्या मुलीचा पुतळा आहे, गेन्झेलीझल. वर चढायचं, तिला फुलं द्यायची आणि गालाचा मुका घ्यायचा. आजी-आजोबा खाली टाळ्या वाजवतात.

टोपी आजही आईकडे सांगलीत कपाटावर आहे. पिपेट गळून पडली, कुकर आहे.

शेवंता
रत्नागिरीच्या जयस्तंभावर चढवायचं का नीलमोहरच्या मैत्रिणीला?

नीलमोहर
ती चढेल, तिचं सांगता येत नाही :) टोपीची कल्पना आवडली, पण आम्ही चौघीही हस्तकलेत नापास. कारकूनकाका, पाटीचं आणि मधल्या महिन्यांचं लक्षात आलं. म्हणजे १५ तारखेला काहीतरी छोटं, आणि खरी भेट व्हायवानंतर असं करावं का?

एका मैत्रिणीने सुचवलंय की सड्यावरची सीतेची आसवं आणि गेंद आणून, दाबून, काचेच्या फ्रेममध्ये लावावेत.

खटपट्या
फुलांचं नको. सीतेच्या आसवांची जांभळी निळाई कागदात दाबली की हळूहळू उडते, दोन-तीन वर्षांत तपकिरी काड्या उरतील. शिवाय ज्या बाईने आठ वर्षं "उपटू नका" सांगितलं तिला उपटून आणलेली फुलं द्यायची?

पोथीवाला
मी हौशी पुस्तकबांधणी करतो. पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा. माझं मत: तिच्याच प्रबंधाची एक प्रत, तिच्यासाठी, नीट पुस्तकासारखी बांधून द्या. वरवर बघता हे वेडपटपणाचं वाटेल, कारण प्रबंध तर तिच्याकडे असणारच. पण विद्यापीठाला देतात ती प्रत वाचण्यासाठी बांधलेली नसते, जमा करण्यासाठी बांधलेली असते. कुठल्याही प्रबंधाला हातात घेऊन बघा. एका बाजूला छापलेली जाड पानं, सुटी, कडेपासून थोडं आत भोकं पाडून दोऱ्याने आवळलेली, वर काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. उघडलं की आपोआप मिटतं. दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय वाचता येत नाही. म्हणून तर ते कोणी वाचत नाही.

हर्षदाताईंच्या आकड्यावर हिशोब मांडतो. २८४ पानं, एका बाजूला, १०० जीएसएमचा कागद. ए-फोरचा असा एक कागद सव्वासहा ग्रॅमचा, म्हणजे नुसता कागद पावणेदोन किलो आणि जाडी साधारण साडेतीन सेंटीमीटर. तेच ८० जीएसएमच्या कागदावर दोन्ही बाजूंना छापलं तर कागद १४२, वजन सातशे ग्रॅम, जाडी दीड सेंटीमीटरच्या आत. हे मांडीवर घेऊन वाचता येतं.

आता खरी गोष्ट शिलाईची. सुटे कागद शिवता येत नाहीत, टोचता येतात. पुस्तक सपाट उघडायचं असेल तर फर्मे करावे लागतात. ए-थ्री कागद मधे दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. असे चार कागद एकात एक घातले की १६ पानांचा फर्मा. २८४ पानांचे १८ फर्मे होतील, म्हणजे २८८ पानं, शेवटची चार कोरी. ती कोरी राहिली तर वाईट मानू नका, त्यांचं काय करायचं ते तुम्हा चौघींना सुचेलच. प्रत्येक फर्मा घडीतून शिवायचा आणि शेजारच्याशी साखळीने बांधायचा. मग कण्याला सरस, जाळीचं कापड, आणि वर पुठ्ठा.

छापताना पीडीएफ उघडून छपाईच्या खिडकीत Booklet निवडा आणि एका वेळी १६ च पानं द्या. 1-16, मग 17-32, असं. सगळी एकदम दिली तर २८८ पानांचा एकच फर्मा निघतो, त्याची करंजी होते. आणि हे आकडे पीडीएफचे, प्रबंधावर छापलेले नव्हेत. सुरुवातीची प्रमाणपत्रं, ऋणनिर्देश वगैरे रोमन आकड्यांत असतात, तिथे सगळे फसतात.

शेवंता
वाचनखूण साठवली. पण पोथीवाले, खरं सांगू? माझ्या नवऱ्याचा प्रबंध गेली सहा वर्षं मॉनिटरच्या खाली आहे. उंची अगदी बरोबर होते. आणि नाहीतरी हल्ली प्रबंध शोधगंगाच्या ऑनलाइन साठ्यावर चढतात, हवा तेव्हा उघडून वाचा. कागद कशाला?

पोथीवाला
मॉनिटरखाली पावणेदोन किलोचाच चालतो. सातशे ग्रॅमचा कमी पडेल, म्हणजे आपोआप वाचला.

खटपट्या
एवढा शिवण्याचा उपद्व्याप कशाला? झेरॉक्सच्या दुकानात परफेक्ट बाइंडिंग होतं की. कण्याला गरम गोंद, वर रंगीत कव्हर, दोनशे रुपये, अर्धा तास. पेपरबॅक पुस्तकं बहुतेक तशीच असतात. मी तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीची स्मरणिका तशी केली, एकही पान सुटलेलं नाही.

पोथीवाला
स्मरणिका किती वेळा उघडलीत?

खटपट्या
...एकदा.

पोथीवाला
थट्टा सोडा, तुमचं अर्धं बरोबर आहे. पातळ पुस्तकाला आणि साध्या कागदाला गरम गोंद चालतो. इथे अडचण रंगीत पानांची आहे. ती गुळगुळीत आर्ट पेपरवर असणार, आणि त्या कागदावरचा लेप गोंदाला आत शिरू देत नाही. फुलांची पानंच आधी सुटतील, म्हणजे नेमकी तिने पावसात बसून काढलेली. ओळखायचं कसं? कुठलंही तसं पुस्तक मधोमध उघडून पाठीकडे वाकवा. कट् असा आवाज आला की गोंद तडकला.

हर्षदा_क
पोथीवाले, एक शंका. आमच्या विद्यापीठाचा साचा असा की डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. एका बाजूला छापायचं म्हणून. तेच दोन्ही बाजूंना छापलं तर मागच्या पानाचा मोठा समास बाहेरच्या कडेला जाईल आणि मजकूर घडीत घुसेल ना?

पोथीवाला
वा, हा प्रश्न सहसा छापून झाल्यावर विचारतात. हो, घुसतो. वर्डच्या फाइलीत Page Setup मध्ये Mirror margins करा. आतला दीड, बाहेरचा एक. मजकुराची रुंदी तेवढीच राहते, त्यामुळे ओळी हलत नाहीत आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक बदलत नाहीत. समास मुळीच बदलू नका, नुसता आरसा दाखवा. आणि फाइल मात्र तिच्याकडूनच मागावी लागेल, तेव्हा गुपित ठेवण्याचा नाद सोडा, किंवा नवऱ्याला फितवा.

कागद घेताना ग्रेन बघा. कागदाला लाकडासारखी दिशा असते. ए-थ्री कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. एका बाजूने सहज वाकतो, दुसरीकडे अडतो. सहज वाकतो ती घडी कण्याच्या दिशेला यायला हवी. दुकानात मिळणारा ए-थ्री बहुधा उलटा असतो, त्याची पानं सरस लागला की कण्यापाशी लाटांसारखी उठतात. मोठा ताव घेऊन कापून मागा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत कागदवाले कापून देतात.

बापूसाहेब
आमच्या वडिलांच्या वेळी बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. वाळवी आणि झुरळं लागत नसत. आता कोण करतं?

पोथीवाला
बापूसाहेब, कोकणातल्या घरासाठी तुमचा मुद्दा लाख मोलाचा. खळ म्हणजे कीटकांचं जेवण. मी कण्याला पांढरा पीव्हीए गोंद वापरतो, खळ फक्त अस्तराला. मोरचूद विषारी, आणि पुस्तक बाई स्वयंपाकघरातही वाचतील, म्हणून मी घालत नाही. पण जुनी पुस्तकं टिकली ती त्यामुळेही, हे खरं.

कारकून_१९८८
पोथीवाल्यांची कल्पना मला सगळ्यात पटली. पण पुन्हा मुहूर्त. १५ ऑक्टोबरला बांधू नका. परीक्षकांच्या अहवालात दुरुस्त्या येतात. कधी चार शुद्धलेखनाच्या, कधी एखादं आख्खं परिशिष्ट. व्हायवातही सुचवतात. त्या केलेली प्रत ही शेवटची प्रत. त्याआधी बांधलेल्या पुस्तकात चुका कायमच्या शिवल्या जातील आणि तिला त्या रोज दिसतील.

चहाबाज
चला, म्हणजे १५ तारखेला झोपच. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

नीलमोहर
सर्वांचे आभार. ठरलं. १५ तारखेला तिच्याकडे चार दिवस आम्ही डबा पोचवणार (चहाबाज, तुमचा विजय असो), आणि व्हायवा झाला की पुस्तक. नवरा फितला आहे. पुस्तकाच्या आतल्या अस्तराला तिने फिरलेल्या सड्यांचा नकाशा छापावा असं मनात आहे.

पण एका गोष्टीवर आम्हा चौघींत भांडण लागलंय. मुखपृष्ठावर नावाआधी "डॉ." घालायचं की नाही?

बापूसाहेब
घालायचंच! आता तर अधिसूचना येईल ना तोवर.

कारकून_१९८८
प्रबंधावर उमेदवाराचं नाव साधंच असतं. प्रबंध लिहिला तेव्हा ती डॉक्टर नव्हती.

शेवंता
पण हे पुस्तक विद्यापीठाचं नाही, मैत्रिणींचं आहे. घाला की.

दूरदेशी
जर्मनीत घातलं असतं. पासपोर्टवरसुद्धा घालतात.

पोथीवाला
काय ते ठरवा, पण एकदाच ठरवा. सोनेरी अक्षरं गरम ठशाने दाबतात, पुसता येत नाहीत. आणि ठसा बनवायला देण्याआधी कागदावर मजकूर लिहून, दुसऱ्याकडून वाचून घेऊन, सही करून द्या. स्वतःचं लिहिलेलं स्वतःला दिसत नाही. मी "वनस्पती" ऐवजी "वनस्पति" आणि "प्रबंध" ऐवजी "प्रंबध" असे दोन्ही बघितलेत, ते पण कण्यावर.

नीलमोहर *(सहा महिन्यांनी)*
धागा वर काढतेय. मागच्या महिन्यात व्हायवा झाला! एका परीक्षकांनी गेंदाच्या दोन जातींच्या बियांच्या पृष्ठभागाचे अधिक स्पष्ट फोटो मागितले, म्हणून नवीन दोन पानं आली. कारकूनकाका, तुमचं ऐकलं नसतं तर आमच्या पुस्तकात ती नसतीच. बाई म्हणते, व्हायवात तिला सगळ्यात जास्त वेळ त्या बियांवरच उभं केलं.

पुस्तक झालं. पानं २९१ निघाली, म्हणून १९ फर्मे, आणि शेवटी तेरा कोरी पानं! पोथीवाल्यांचं गणित आमच्याकडे बिघडलं. चौघींनी प्रत्येकी दोन पानं लिहिली, एक तिच्या मुलाने (आईला सड्यावर जळवा लागल्याचं चित्र), बाकी चार तशीच ठेवली.

घोटाळाही झालाच. प्रबंधात एक घडीचा नकाशा आहे, ए-थ्रीचा. तो आम्ही आत दुमडून लावायला सांगितला आणि कडा कापताना यंत्रात त्याची बाहेरची घडीही कापली गेली. नकाशाचे दोन तुकडे. बाइंडरकाका बिचारे रात्रभर बसले आणि दुसरा छापून काठाला चिकटवून दिला. अस्तरावर नकाशा आहेच म्हणून वाचलो.

पोथीवाला
अरेरे, हे सांगायचं राहिलं माझ्याकडून. घडी कापण्याच्या रेषेपासून निदान पाच-सहा मिलिमीटर आत ठेवावी लागते. आणि कण्यापाशी तेवढ्याच जाडीच्या कागदाची एक पट्टी, म्हणजे पुस्तकाचं पोट फुगत नाही. माफ करा.

नीलमोहर
अहो माफी कसली. उघडलं की सपाट पडतं, हे बघून ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, नुसतं उघडून मिटत होती. मग तिसऱ्याच पानावर एक टायपो सापडला तिला. तिचा स्वतःचा. पेन घेऊन तिथेच दुरुस्त केला.

हर्षदा_क
अगदी अगदी. मी माझा प्रबंध अजून उघडत नाही त्याच भीतीने.

बापूसाहेब
ते सगळं ठीक. "डॉ." घातलंत की नाही?

नीलमोहर
मुखपृष्ठावर नाही. कण्यावर आहे. दोन विरुद्ध दोन मतं पडली होती.

कारकून_१९८८
अधिसूचना आली का पण?

नीलमोहर
पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात.

कारकून_१९८८
तोवर पुस्तक कपाटात कणा आत करून ठेवा.